भरिताच्या पाककृतीचा कागद छापायचाय: 'भाजा', 'भाजावीत' की 'भाजणे'?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. आमचा बचत गट अमळनेरचा. चंपाषष्ठीच्या सुमाराला आम्ही भरिताची वांगी विकतो. यंदा प्रत्येक पिशवीत पाककृतीचा एक कागद टाकायचं ठरलंय, कारण बाहेरगावची गिऱ्हाइकं वांगी नेतात आणि घरी गेल्यावर फोन करून विचारतात, आता पुढे काय करू? कृती गटातल्या चौघीजणींनी सांगितली, मी लिहून घेतली. त्यामुळे एक वाक्य एकीचं, दुसरं दुसरीचं असं झालंय. छापखान्यात देण्याआधी कोणीतरी तपासून द्या. क्रियापदं एका धाटणीची हवीत आणि शुद्धलेखन नीट हवं. प्रमाण मात्र आमचंच ठेवायचंय.

साहित्य: भरीताची वांगी १ किलो (मोठी २ किंवा ३), हिरव्या मिरच्या १० ते १२, लसूण १५ पाकळ्या, कांद्याची पात १ जुडी, शेंगदाणे अर्धी वाटी, सुक्या खोबर्याचे काप पाव वाटी, तेल अर्धी वाटी, मोहरी अर्धा चमचा, जिरे १ चमचा, चिरलेली कोथिंबीर १ वाटी, मिठ चवीनुसार.

कृती: वांगी पुसून त्यांना तेल लाऊन टोचे मारावे. कपाशीच्या काड्यांवर किंवा गॅसवर वांगी भाजावे. काळी झाली की झाकण ठेऊन गार होवू द्या. साल काढणे, पाण्याने धुवू नये. मिरच्या व लसूण थोड्या तेलात परतून घ्यायच्या. वांगी ठेचून मिरच्या, लसूण घाला. पात चिरून स्वच्छ धुवून घ्यावी. कढईत तेल तापल्यावर दाणे, खोबरे तळून घेणे. मोहरी, जिरेची फोडणी करावी, पात टाकुन दोन मिनिट परता. मग वांगे टाकून मिठ घालावे, पाच मिनिटे हलवत रहा. वरुन कोथिंबीर पेरावी.

भुसावळ लोकल

ताई, सगळीकडे 'आवे' करून टाका. भाजावे, सोलावे, ठेचावे, घालावे. जुन्या पाककृती अशाच असायच्या आणि ते अदबशीर वाटतं. 'भाजा', 'सोला' म्हणजे गिऱ्हाइकाला हुकूम सोडल्यासारखं होतं. 'साल काढणे' तर आधी उडवा, कलेक्टर कचेरीचं परिपत्रक वाटतंय.

उधनाकर

आम्ही सुरतेत राहतो, मूळ शिंदखेड्याचे. इकडे भरिताची हिरवी वांगी मिळत नाहीत, काळी जांभळी मिळतात. त्यांचं केलं तर चालेल का? आणि फ्लॅटमध्ये कपाशीच्या काड्या कुठे पेटवायच्या? मी गॅसवर जाळी ठेवून भाजतो, पण तो धुराचा वास काही येत नाही.

जुना मुद्रितशोधक

उधनाकर, ताईंनी शुद्धलेखन विचारलंय हो. वांग्यांचं कोणीतरी जाणकार सांगेल.

भुसावळकर, 'आवे' चालतं, पण तुम्ही म्हणता तसं सरसकट 'भाजावे, सोलावे' चालत नाही. हे रूप समोरच्या वस्तूप्रमाणे बदलतं. तेल तापवावे, पण कांदा चिरावा, पात चिरावी, दाणे तळावेत, मिरच्या परताव्यात आणि वांगी भाजावीत. ताईंच्या कागदावर 'वांगी भाजावे' आणि 'टोचे मारावे' असं पडलंय, ते याच कारणाने. बोलताना आपण हे बिनचूक करतो, लिहिताना हात आपोआप 'आवे'वर जातो.

एक पळवाट आहे. 'वांग्यांना सगळीकडून भाजावे' म्हटलं की ते बरोबर. वस्तूला 'ला' किंवा 'ना' लागलं की क्रियापद तिच्याकडे बघणं सोडतं आणि 'आवे'वर स्थिर होतं. पण पाककृतीत प्रत्येक जिन्नसाला 'ना' जोडत बसलात तर वाचणारा कंटाळेल.

म्हणून माझं मत 'आ'च्या बाजूने. भाजा, सोला, ठेचा, चिरा, घाला. जिन्नस पुल्लिंगी असो, स्त्रीलिंगी असो, एक असो की दहा, रूप तेच राहतं. चौघीजणींनी सांगितलेली आणि पाचवीने लिहिलेली कृती असेल तर चूक व्हायला जागाच कमी उरते. आणि 'घ्या', 'करा' यात हुकूम कुठे आहे? आपण पाहुण्याला 'बसा', 'जेवा' म्हणतोच की.

मात्र 'आ' घेतलं तर नकारही त्याच घरातला घ्या. 'धुवू नये' हा 'आवे'चा सोबती. 'भाजा, सोला'च्या रांगेत तो आला की मध्येच फलक लावल्यासारखं दिसतं. तिथे 'धुऊ नका' हवं.

भुसावळ लोकल

'वांग्यांना भाजावे' बरोबर आणि 'वांगी भाजावे' चूक, हे मला आजच कळलं. पण मग 'तेल तापा' लिहिणार का? 'आ'चा नियम तिथे अडकतोच की.

जुना मुद्रितशोधक

अडकत नाही. तापणं तेलाचं काम, तापवणं आपलं. म्हणून 'तेल तापवा'. जे आपोआप होतं आणि आपण फक्त थांबायचं, तिथे 'द्या' येतं: मोहरी तडतडू द्या, वांगी कोमट होऊ द्या. हा फरक वाचणाऱ्याला उपयोगी पडतो. 'द्या' दिसलं की हात बाजूला ठेवायचा, हे त्याला न सांगता समजतं.

'परता'ला हात लावू नका. 'परतवा' करायचा मोह अनेकांना होतो, पण कांदा परतणं हे आपणच करतो, त्यामुळे 'परता' सरळ आहे.

कळणा पुरी

मी यावलकडची. आमच्याकडे बोलताना 'टाकाचं', 'ठेचाचं' असंच येतं तोंडात, त्यामुळे तुमच्या आ आणि आवेच्या भांडणात मी पडत नाही. पण ताई, कागदावर दोन ठिकाणी कामाची उलटापालट झालीय आणि ती शुद्धलेखनाची नाही.

'वांगी ठेचून मिरच्या, लसूण घाला' असं लिहिलंय. हे असं कोणी करत नाही. आधी मिरच्या, लसूण आणि थोडं मीठ ठेचायचं, मग त्यात वांगी टाकायची. वांग्याचा गर मऊ असतो. मिरची त्याच्यात पडली की मुसळीखालून निसटते, तिच्यावर घाव बसत नाही. मग घासात अख्खी मिरची येते आणि बाकीचं भरीत फिकं लागतं. मीठ आधी घातलं की मिरचीची साल लवकर फाटते.

दुसरं, 'पात चिरून धुवून घ्यावी'. पात आधी धुवायची, निथळायची, मग चिरायची. चिरून धुतली की पाणी धरून ठेवते, कढईत पडली की परतायच्या ऐवजी शिजते आणि भरिताला पाणी सुटतं.

आणि वांगी 'काळी झाली की' काढू नका. काळी तर पाच मिनिटांत होतात. देठाजवळ सुरी टोचून बघा. अडखळली तर अजून कच्चं आहे. तिथली गाठ ठेचताना फुटत नाही. सुरी सरळ गेली आणि वांगं अंगातच खचलं, म्हणजे झालं. मोठं वांगं असेल तर देठ आगीकडे करून उभं धरावं लागतं, नाहीतर पोट जळतं आणि डोकं कच्चं राहतं.

उधनाकर भाऊ, काळ्या वांग्याचं होतं, पण त्यात बिया जास्त निघतात आणि चव उग्र लागते. घेताना आकाराच्या मानाने हलकं बघून घ्या. वासासाठी सोललेल्या गरात वाटी ठेवून पेटता कोळसा आणि त्यावर तेलाचे दोन थेंब, पाच मिनिटं झाकण. काड्यांवरच्यासारखं होत नाही, पण निभावतं.

वसतिगृहातला

कळणा पुरी ताई, हे अगदी माझ्याबाबतीत झालं. पुण्यात आम्ही चार खान्देशी पोरं राहतो. एका छापील कृतीत 'वांगी ठेचून त्यात मिरची लसूण घालून एकजीव करावे' असं होतं. शब्दाला शब्द तसंच केलं. एका मित्राच्या घासात अख्खी मिरची आली, तो पाणी पीत बसला. आम्हाला वाटलं मिरच्याच जास्त झाल्या, म्हणून पुढच्या वेळी कमी घातल्या, तर ते भरीत नुसतं लगदा लागलं.

जुना मुद्रितशोधक

बघा, हे सगळं 'ऊन'ने केलं. 'ठेचून', 'चिरून', 'धुऊन' ही रूपं नुसती सजावट नसतात, क्रम सांगतात. ज्याला 'ऊन' लागलं ते काम आधी, वाक्याच्या शेवटी जे आलं ते नंतर. 'मिरच्या ठेचून वांगी घाला' आणि 'वांगी ठेचून मिरच्या घाला' यात शब्द तेच, भरीत वेगळं. मी तपासताना 'ऊन' दिसला की थांबतो आणि मनात ते काम करून बघतो. एका वाक्यात दोनपेक्षा जास्त 'ऊन' आले की वाक्य तोडतो.

आता शुद्धलेखन. ताई, तुमच्याकडे 'लाऊन', 'ठेऊन' आणि 'होवू' आहे, तिन्हीकडे अदलाबदल झालीय. सोपी कसोटी: समोरच्या एकाला 'तू' म्हणून सांगून बघा. 'तू ठेव', 'तू लाव' यात शेवटी व ऐकू येतो, म्हणून ठेवून, लावून. 'तू हो', 'तू घे', 'तू दे' यात व नाही, म्हणून होऊ, घेऊन, देऊन. 'ऊन'मधला ऊ नेहमी दीर्घ, त्यामुळे 'टाकुन' नाही, टाकून. 'वरुन'चंही वरून.

मीठ, भरीत, कोथिंबीर असे शब्द एकटे असताना दीर्घ असतात. पुढे काही जोडलं की तो दीर्घ ऱ्हस्व होतो: मिठाचा, भरिताची, कोथिंबिरीची. तुम्ही नेमकं उलटं केलंय, 'मिठ' आणि 'भरीताची'. लसणात तर ऊ पूर्ण जातो, लसूण पण लसणाच्या. 'जिरेची' नाही, जिऱ्याची. 'हलवत रहा' नाही, राहा. 'दोन मिनिट' नाही, दोन मिनिटे. 'खोबर्याचे'मधला र डोक्यावर गेलाय, तो अर्ध्या ऱ्याने 'खोबऱ्याचे' असा टाईप करा. हा दोष मोबाईलच्या कळफलकावर फार होतो आणि छापखान्यातही सुटून जातो.

उधनाकर

काका, तुम्ही स्वतः 'असं', 'केलं' लिहिता आणि ताईंना 'खोबरे', 'मिनिटे' करायला लावता. हे कसं?

जुना मुद्रितशोधक

इथे आपण गप्पा मारतोय. नियमांनी बोलण्याच्या ढंगाला 'असं', 'केलं' मोकळं ठेवलंय, आणि छापील माहितीला 'असे', 'केले' बरं दिसतं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले, त्यांत ही सवलत आहे. कागदावर 'खोबरं' लिहिलं तरी आकाश कोसळणार नाही. पण मग 'जिरं', 'वांगं' सगळीकडे तेच ठेवा. एका ओळीत खोबरे आणि दुसऱ्या ओळीत जिरं, एवढंच नको.

भुसावळ लोकल

'धुऊन' की 'धुवून' ते सांगितलंच नाहीत. तुमच्या कसोटीने 'तू हात धू', म्हणजे धुऊन. पण लोक 'हात धुव' पण म्हणतात, आणि 'तुम्ही धुवा' यात तर व आहेच.

जुना मुद्रितशोधक

मी 'धुऊन' लावतो आणि वर म्हणूनच 'धुऊ नका' लिहिलं. पण तुमचा मुद्दा खोटा नाही. 'धुवून' इतकं रुळलंय की मी दुसऱ्याच्या लेखात ते दिसलं तर आताशा भांडत नाही.

कळणा पुरी

धुवायचंच नाही तर भांडता कशाला? वांगी सोलल्यावर पाण्याखाली धरलीत की धुराची चव गेली. हाताला पाणी लावून साल काढा, राहिलेले काळे ठिपके राहू द्या. आणि झाकून ठेवलेल्या वांग्यांखाली जे काळपट पाणी जमतं ते टाकून द्या. गार होईपर्यंत थांबूही नका, कोमट असताना साल सरसर निघते, गार झाल्यावर चिकटून बसते.

बोरीकाठ

वा! मी बसून पुन्हा लिहिलं. सगळं 'आ'मध्ये आणलं. लसूण 'सोललेला' की 'सोललेली' यावर गटातच दोन तट पडले, म्हणून पाकळ्या लिहून सुटका करून घेतली. आता बघा.

*भरीत (चार ते पाच जणांसाठी)*

साहित्य: भरिताची वांगी १ किलो (मोठी २ किंवा ३), हिरव्या मिरच्या १० ते १२, लसणाच्या सोललेल्या पाकळ्या १५, कांद्याची पात १ जुडी, शेंगदाणे अर्धी वाटी, सुक्या खोबऱ्याचे काप पाव वाटी, तेल अर्धी वाटी, मोहरी अर्धा चमचा, जिरे १ चमचा, चिरलेली कोथिंबीर १ वाटी, मीठ चवीनुसार.

कृती: वांगी पुसा, त्यांना तेलाचा हात लावा आणि सुरीने चार-पाच टोचे मारा. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर किंवा गॅसवर फिरवत भाजा. देठाजवळ सुरी सहज गेली की उतरवा. ताटात ठेवून दहा मिनिटे झाका आणि कोमट होऊ द्या. ताटात जमलेले पाणी टाकून द्या. ओल्या हाताने साल काढा, पाण्याखाली धरू नका.

मिरच्या आणि लसूण चमचाभर तेलात डाग पडेपर्यंत परता. त्यात थोडे मीठ घालून ठेचा. मग वांग्यांचा गर घाला आणि पुन्हा ठेचा.

पात धुऊन निथळा, मग बारीक चिरा. कढईत उरलेले तेल तापवा. दाणे आणि खोबऱ्याचे काप तळून बाजूला काढा. त्याच तेलात मोहरी घाला, तडतडू द्या, मग जिरे घाला. पात घालून दोन मिनिटे परता. ठेचलेले वांगे, दाणे आणि खोबरे घाला. चव बघून मीठ घाला. पाच मिनिटे हलवत राहा. उतरवून वरून कोथिंबीर पेरा.

जुना मुद्रितशोधक

छान. एकच बारीक गोष्ट. 'टाका' आणि 'घाला' दोन्ही शब्द आहेत, पण तुम्ही ते वाटून घेतलेत: पाणी टाकून दिलं, जिन्नस घातले. असंच राहू द्या, दोन्हीकडे एकच केलं असतं तर 'ताटातले पाणी घाला' असं काहीतरी झालं असतं. 'उरलेले तेल' म्हणजे अर्ध्या वाटीतलं उरलेलं, हे समजतंय, पण सुरुवातीचा 'तेलाचा हात'ही त्याच वाटीतला का, ते स्पष्ट करा.

बोरीकाठ

त्याच वाटीतला. लिहिते तसं.

वसतिगृहातला

आमच्याकडे उखळ नाही. मिक्सरला लावलं तर चालेल का, ते पण कागदावर टाका ना.

कळणा पुरी

नको. मिक्सरने बिया वाटल्या जातात आणि चिकट खळ होते. मिरची-लसूण वाटून घ्या हवं तर, पण वांगं रवीने किंवा लाकडी डावाने घोटा.

उधनाकर

हळद कशी नाही? आमच्या आईच्या भरितात हळद असायची.

कळणा पुरी

आमच्याकडे घालत नाहीत, भरीत पिवळं दिसतं. हिरवट पांढरंच बरं.

बोरीकाठ

आमच्या गटात दोघी घालतात, दोघी नाही. म्हणून कागदावर लिहिलीच नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते मात्र खालच्या ओळीत छापायचं म्हणतेय. 'मानांकन' बरोबर आहे ना?

जुना मुद्रितशोधक

बरोबर. 'मानांकण' नको, आणि 'भौगोलीक' पण नको. फक्त तुमची वांगी त्या भागातली असतील तरच छापा.

बोरीकाठ

निम्मी यावलकडून येतात, निम्मी आमच्या शेतातली. मग ती ओळ काढते.

भुसावळ लोकल

मिरच्या १०-१२ बाहेरच्यांना झेपतील का? सोबत कळण्याच्या पुऱ्या आहेत म्हणून आपल्याला चालतं.

बोरीकाठ

त्यावर गटात पुन्हा विचारावं लागेल. एकीचं म्हणणं आहे की कमी केल्या तर ते भरीतच नव्हे.